पाटीवर लिहितो तसं मोबाईलवर मराठी: बोटाने लिहायचा कीबोर्ड कसा लावायचा आणि कसा वापरायचा

आमच्या आईचं वय ७४. अक्षर इतकं सुंदर की अजून शेजारचे लोक लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव घालायला तिच्याकडे येतात. आणि हीच बाई व्हॉट्सॲपवर "हो" आणि "बर" याच्या पुढे जात नव्हती, कारण कीबोर्डची बटणं दिसायची नाहीत, दिसली तरी बोट शेजारच्यावर पडायचं. मोबाईलचा स्क्रीन साधारण सात सेंटीमीटर रुंद, त्यात एका ओळीत दहा-अकरा बटणं, म्हणजे एक बटण जेमतेम सहा-सात मिलिमीटरचं. वर जोडाक्षर करायला मधे हलन्त दाबायचा. बोलून टाईप करायचा प्रयत्न पण केला, पण घरात टीव्ही चालू, त्यात खाजगी गोष्ट मोठ्याने बोलायची म्हणजे सगळ्यांना ऐकू जाणार, तिला ते नको होतं. शेवटी तिला हँडरायटिंगचा कीबोर्ड लावून दिला, म्हणजे बटणंच नाहीत, खाली एक मोकळी पाटी, त्यावर बोटाने "कशी आहेस" असं लिहायचं आणि वरती टाईप झालेलं येतं. आता ती पाच-सहा ओळींचे मेसेज पाठवते.

मधल्या दोन-तीन आठवड्यांत काय काय अडलं आणि कशाने सुटलं ते सगळं इथे लिहितोय. हे सगळं अँड्रॉईड फोन आणि गूगलच्या Gboard या कीबोर्डबद्दल आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तोच फोन असतो आणि ॲप फुकट आहे. २०१५ मध्ये गूगलने हँडरायटिंगचं वेगळं ॲप काढलेलं, ८२ भाषांचं, जुन्या माहितीत त्याचंच नाव सापडतं, पण आता ते शोधत बसू नका, ती सोय Gboard मध्येच आहे.

आधी सेटिंग, हे एकदाच करायचंय

शक्यतो घरातल्या कुणीतरी हे करून द्यावं, वाय-फाय चालू असताना, कारण मराठीची फाईल पहिल्यांदा डाउनलोड होते. फोनमध्ये Gboard आहे का ते आधी बघा, नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या. पुष्कळ कंपन्यांच्या फोनमध्ये त्यांचा स्वतःचा कीबोर्ड आधीपासून लावलेला असतो, त्यामुळे Gboard उतरवला तरी तो आपोआप समोर येत नाही, ॲप एकदा उघडून ते विचारेल तसं त्याला चालू करायचं आणि मुख्य कीबोर्ड म्हणून निवडायचं.

मग व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे ना, ते चॅट उघडा. सरावाला ती जागा उत्तम, चुकीचं काही गेलं तरी आपल्यालाच जातं. लिहायच्या जागेवर टॅप केलं की कीबोर्ड वर येईल. त्याच्या वरच्या पट्टीत गिअरचं चिन्ह असेल तर ते दाबा, नाहीतर डाव्या कोपऱ्यातला चार चौकोनांचा मेनू दाबून त्यात Settings शोधा. त्यात पहिलंच Languages. तिथे खाली Add keyboard दाबा, यादीतून Marathi निवडा. आता वरती लेआउटची छोटी छोटी चित्रं दिसतील, एक मराठी अक्षरांचा कीबोर्ड, एक इंग्रजीत लिहून मराठी करणारा, आणि ती चित्रं बोटाने बाजूला सरकवली की Handwriting नावाचं एक चित्र येतं. बरेच जण हे सरकवतच नाहीत आणि "आमच्या फोनमध्ये नाही" म्हणतात. त्या चित्रावर टिक करा, बाकीच्या दोनवरच्या टिक काढून टाका, आणि खाली Done. फोनच मराठीत लावलेला असेल तर ही नावं मराठीत दिसतील, पण क्रम तोच.

इथे एक चूक फार होते. यादीत हिंदी वर दिसते आणि माणूस ती निवडतो, देवनागरीच आहे की म्हणून. अक्षरं उमटतातही, त्यामुळे कळतच नाही. पण अंदाज हिंदी शब्दांचे येतात. ओळखायला सोपी खूण, "बाळ" आणि "मळा" लिहून बघा. "बाल", "मला" असंच परत परत येत असेल तर हिंदी लागलंय समजा. भाषा काढून मराठी लावा.

आता Languages मध्ये दोनच गोष्टी ठेवा, मराठी हँडरायटिंग आणि इंग्रजी. जास्त भाषा ठेवल्या की पृथ्वीगोलाचं बटण दाबल्यावर एकेक करत फिरत बसावं लागतं आणि वयस्कर माणूस तिथेच अडकतो. इंग्रजी मात्र काढू नका. पासवर्ड, ईमेलचा पत्ता, यूपीआय आयडी हे सगळं इंग्रजी अक्षरांतच लागतं, आणि पासवर्डच्या चौकटीत तर हाताने लिहायची पाटी येतच नाही, कीबोर्ड आपोआप बटणांचा होतो. आईला ते पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं फोन बिघडला. तर हे आधीच सांगून ठेवा.

शेवटचं सेटिंग म्हणजे पाटी मोठी करणं. Settings मध्ये Preferences, त्यात Keyboard height, तिथे सगळ्यात उंच ठेवा. वरचे मेसेज कमी दिसतात, हे खरंय, पण लिहायला दीड-दोन बोटं जास्त जागा मिळते आणि त्याचा फरक पुढे सांगतो तसा फार पडतो.

स्क्रीन काय वाचतो ते समजून घ्या

हा भाग सोडू नका, कारण आमचे निम्मे घोळ हे कळल्यावर संपले. कागदावर लिहिलेलं आपण डोळ्याने वाचतो, म्हणजे तयार झालेलं चित्र बघतो. फोन तसं बघत नाही. बोट कुठे टेकलं, तिथून कुठल्या दिशेने गेलं, कुठे उचललं, मग परत कुठे टेकलं, ही हालचाल तो क्रमाने नोंदवतो आणि त्या हालचालीवरून अक्षर ठरवतो. २०१९ मध्ये गूगलच्या लोकांनी हे कसं चालतं ते लिहिलं होतं, बोटाने काढलेल्या रेघेचे आधी सलग वळणदार तुकडे करतात आणि मग त्या तुकड्यांच्या रांगेवरून अक्षरांचा अंदाज बांधतात. शिवाय पुढे-मागे कुठलं अक्षर येणं शक्य आहे तेही तो बघतो.

याचा आपल्यासाठी अर्थ असा की अक्षर सुबक असण्याची गरज नाही पण हालचाल नेहमीची पाहिजे. एखादं अक्षर चुकलं म्हणून त्याच्यावरच परत गिरवलं तर कागदावर ते ठळक होतं, फोनच्या दृष्टीने मात्र तुम्ही आणखी एक रेघ काढली आणि अक्षर अजून बिघडलं. आई हेच करायची. पन्नास वर्षांची सवय, काना नीट नाही आला की त्यावर परत काना. तिला म्हटलं, आई, गिरवू नको, पुसून परत लिही. एवढ्या एका गोष्टीने अर्ध्या चुका गेल्या.

दुसरा अर्थ हात थरथरणाऱ्यांसाठी. थरथर तेवढीच राहते, पण अक्षर मोठं काढलं की त्या मानाने ती छोटी होते. एक सेंटीमीटरच्या अक्षरात दोन मिलिमीटरचा हेलकावा म्हणजे अक्षराचा पाचवा भाग, तोच तीन सेंटीमीटरच्या अक्षरात पंधरावा भाग, वाचणाऱ्याला तो जाणवत नाही. म्हणून पाटी उंच करायला सांगितली. अजून मोठं पाहिजे तर फोन आडवा करा, रुंदी जवळजवळ दुप्पट मिळते, फक्त त्यासाठी फोनचं ऑटो रोटेट चालू पाहिजे.

फोन हातात धरून लिहू नका. टेबलावर किंवा मांडीवर जाड पुस्तक ठेवून त्यावर फोन ठेवा. आणि कागदावर आपण तळहात टेकवून लिहितो, इथे तळहाताची कड स्क्रीनला लागली की तीही रेघच समजली जाते, मधूनच एखादा टिंब किंवा भलतंच चिन्ह आलं तर बहुतेक वेळा हेच कारण. मनगट फोनच्या खाली टेबलावर टेकवायचं, फक्त बोट स्क्रीनवर. ज्यांची बोटं कोरडी पडलेली असतात त्यांची रेघ मधेच तुटते, विशेषतः जाड स्क्रीनगार्ड असेल तर. त्यांनी रबराच्या टोकाचा साधा स्टायलस घेऊन बघावा. आम्ही घेतला होता, आईला तो पेनसारखा धरता आला म्हणून आवडला. पण त्याचं रबर फाटलं की रेघ उमटणं बंद होतं, तेव्हा आपलंच काहीतरी चुकतंय असं समजू नका, आधी रबर बघा.

शिरोरेषा सोडा

कागदावर आपण काय करतो, सगळा शब्द लिहितो आणि मग शेवटी वरून एक लांब रेघ ओढतो. इथे तसं केलं की काय होतं बघा. शब्द लिहून झाल्यावर फोन क्षणभर थांबतो, बोट परत आलं नाही तर शब्द संपला असं धरून तो वर पाठवतो आणि पाटी कोरी करतो. तुम्ही सावकाश लिहिता, शब्द मोठा असतो, आणि शिरोरेषा ओढायला बोट टेकवेपर्यंत शब्द गेलेला असतो. मग ती रेघ एकटी उरते आणि तिचा होतो डॅश. "दवाखाना" च्या पुढे "-" आलं की समजा शिरोरेषा उशिरा पडली.

म्हणून शिरोरेषा काढायचीच नाही. बिनरेघेची अक्षरं तो व्यवस्थित वाचतो. पण रेघ नसली की दोन-तीन जोड्या एकमेकांत मिसळतात, कारण त्यांच्यातला फरकच रेघेच्या तुटण्यात होता. म आणि भ, तसंच घ आणि ध. भ आणि ध ला सुरुवातीला डोक्यावर जी गाठ असते ती मुद्दाम ठळक काढायची, छोटं गोल पूर्ण वळवून मग खाली यायचं. आणि म, घ ला सरळ सुरुवात. "भाजी" चं "माजी" येणं या एका गाठीने थांबतं.

असाच उशीर अनुस्वारात पण होतो. शब्द पूर्ण लिहायचा आणि शेवटी सगळे टिंब द्यायचे ही सवय असेल तर टिंब एकटं राहून पूर्णविराम होतं. ज्या अक्षरावर टिंब आहे ते अक्षर लिहिलं की लगेच टिंब देऊन मग पुढे जायचं. आणि टिंब म्हणजे नुसता स्पर्श नको, अगदी छोटी रेघ म्हणा, नुसत्या टेकवण्याने कधी कधी उमटतच नाही.

ख चा घोळ

जुन्या वळणाच्या ख मध्ये र आणि व वेगळे सुटे असतात, खालून जोडलेले नसतात. "खा" आणि "रवा" यातला गोंधळ कागदावर सुद्धा होता, म्हणून तर पुढे ख च्या दोन भागांना खालून जोडायची पद्धत आली. आईच्या पिढीतले कितीतरी लोक अजून सुटा ख काढतात. फोन मात्र हालचाल वाचतो, त्यामुळे सुटा काढला की "र" आणि "व" अशी दोन अक्षरंच त्याला दिसतात. "खिडकी" ची "रविडकी" झालेली मी बघितली आहे. उपाय एकच, र चा पाय खालून वळवून तसाच व च्या गोलाला नेऊन जोडायचा, बोट न उचलता. तिला हे जमायला दोन दिवस लागले, पण एकदा हात वळला की वळला.

ल आणि श ची मात्र काळजी करू नका. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला वेगळा, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ल आणि श ची मराठी वळणंच ठरवून दिली आहेत. लिहिताना आपलं मराठी वळण काढलं तरी चालतं. पण स्क्रीनवर उमटताना ल हिंदी वळणाचा दिसला तर ते फोनच्या फॉन्टमुळे, तुमचं काही चुकलेलं नसतं, अक्षर आत तेच आहे. आईने त्या ल साठी चार वेळा एकच शब्द पुसून लिहिला होता, मग मला फोन केला.

एक पूर्ण मेसेज लिहून बघू

आईने मावशीला पाठवलेला मेसेज होता: "उद्या साडेनऊला डॉक्टरांकडे जायचंय, खाऊन ये, पायऱ्या चढू नको." याच्यात जवळजवळ सगळ्या अडचणी आहेत म्हणून हाच घेतो.

"उद्या". इथे द्य हे जोडाक्षर. नेहमीसारखं एकत्र द्य काढलं तर बहुतेक वेळा बरोबर येतं. पण प्रत्येकाचं द्य वेगळं असतं, कुणाचा य द च्या पोटात जातो, कुणाचा खाली लोंबतो, आणि फोनला नाही कळलं तर "उघा" नाहीतर "उदया" येतं. अशा वेळी जोडाक्षर काढूच नका. द लिहा, त्याचा पाय मोडा, आणि शेजारी सुटा या लिहा, म्हणजे उ द् या. स्क्रीनवर ते आपोआप जोडून "उद्या" असंच दिसेल, कारण संगणकात जोडाक्षर साठवलं जातं तेच मुळी असं, द, मग हलन्त, मग य. जोडून दाखवायचं काम फॉन्टचं. म्हणजे क्ष, ज्ञ, द्ध, ह्म, ष्ट्र असं जे जे हाताला अवघड आहे ते सगळं पाय मोडून सुटं लिहिता येतं. ही एक गोष्ट कळल्यावर आई जोडाक्षरांना घाबरायची बंद झाली.

शब्द लिहून थांबलं की वरच्या पट्टीत दोन-तीन पर्याय येतात. तिथे नजर टाकायची सवय लावा. मेसेजच्या चौकटीत चुकीचा शब्द गेलेला असतो आणि बरोबरचा बहुतेक वेळा शेजारीच उभा असतो, त्यावर टॅप केलं की झालं. लोक घाईत पुसतात आणि परत लिहितात, त्याची गरज नसते. मग खालचं स्पेसचं लांब बटण दाबून पुढचा शब्द.

"साडेनऊला" लांब आहे, उभ्या फोनवर मोठ्या अक्षरात मावत नाही. मग माणूस शेवटी शेवटी अक्षरं बारीक करतो किंवा एकावर एक चढवतो आणि तिथेच बिघडतं. त्यापेक्षा "साडे" लिहा, थांबा, ते वर जाऊ द्या, मग कोऱ्या पाटीवर "नऊला" लिहा. मधे कधी स्पेस पडते, पडली तर त्या जागी टॅप करून बॅकस्पेसने काढा. आणि काना लिहिताना तो आपल्या अक्षराला चिकटून पाहिजे. लांब गेला तर तो हिंदीतला उभा दंड किंवा इंग्रजी एक होतो.

"डॉक्टरांकडे". इथे काना आणि वर अर्धचंद्र. अर्धचंद्र रुंद आणि स्पष्ट काढा, वाटीसारखा. छोटा काढला की तो टिंब होतो आणि "डांक्टर" येतं. मग क्ट, पाय मोडून क् ट असं लिहिलं तरी चालेल. रां वरचं टिंब तिथल्या तिथे. हा शब्दसुद्धा "डॉक्टरां" आणि "कडे" असा दोन दमात लिहा.

"जायचंय". बोलीभाषेतले असे शब्द लिहिताना चं वरचं टिंब उशिरा पडलं की फोन ते खातो आणि "जायचय" देतो. च लिहिला, टिंब दिलं, मग य. स्वल्पविराम पाटीवर काढण्यापेक्षा खालच्या ओळीतलं बटण वापरा.

"खाऊन ये" मध्ये जोडलेला ख, वर सांगितला तसा.

आणि "पायऱ्या". इथे खरी अडचण आहे. मराठीत हा जो र आहे, आडव्या रेघेने य ला जोडलेला, तो रफारापेक्षा वेगळा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दोन वेगळे शब्द. हिंदीत याची गरज पडत नाही, पण मराठीत पायऱ्या, कोऱ्या, सुऱ्या, शेतकऱ्यांना, दुसऱ्या, पदोपदी लागतो. हाताने काढताना य च्या डावीकडे ती छोटी वाकडी रेघ य पासून सुटी न ठेवता लगेच जोडून काढायची आणि वरची पट्टी बघायची. बऱ्याच वेळा शब्द ओळखीचा असल्यामुळे बरोबर येतो. नाहीच आला आणि "पायर्या" असं रफाराचं आलं, तर परत परत लिहून दमू नका.

त्याला मी असं केलं. आईला जे शब्द रोज लागतात, दुसऱ्या, पायऱ्या, बऱ्याच, तुझ्याबरोबर राहणाऱ्या असे, ते मी बरोबर टाईप करून तिला मेसेज केले. ते तिच्या फोनवर कॉपी केले. मग कीबोर्डच्या वरच्या पट्टीत क्लिपबोर्ड उघडायचा, कॉपी केलेला शब्द तिथे दिसतो, त्यावर बोट दाबून धरलं की पिनचं चिन्ह येतं, ते दाबलं की तो शब्द तिथे कायम राहतो. पिन केली नाही तर थोड्या वेळाने क्लिपबोर्डमधून जातो. आता "पायऱ्या" लागला की ती क्लिपबोर्ड उघडून त्यावर टॅप करते. दहा शब्दांच्या वर ठेवू नका, शोधण्यातच वेळ जातो. घरातल्या माणसांची वेगळी नावं, आडनावं पण अशीच ठेवता येतात, कारण जे नाव शब्दसंग्रहात नाही त्याला फोन ओळखीच्या शब्दाकडे ओढत राहतो.

चुकलेलं दुरुस्त कसं करायचं

एखादा शब्द चुकला तर त्या शब्दावर पटकन दोनदा टॅप करा, तो शब्द निळसर होऊन निवडला जातो. आता काही पुसायचं नाही, सरळ पाटीवर बरोबर शब्द लिहा, जुना जाऊन नवीन तिथे बसतो. आईला हे बॅकस्पेसपेक्षा सोपं गेलं. बॅकस्पेसची गंमत अशी की एकदा दाबलं की पूर्ण अक्षर जात नाही, "कां" वर दाबलं तर आधी टिंब जातं, मग काना, मग क. त्यामुळे "मी दोनदा दाबलं तरी अक्षर तसंच" असं वाटतं. तीन वेळा दाबायचं हे माहीत असलं म्हणजे झालं. मोठा मजकूर काढायचा तर बॅकस्पेस दाबून धरा, पण लवकर सोडा, तो वेगाने खात सुटतो.

आकडे मात्र हाताने लिहू नका, निदान जिथे चूक महागात पडते तिथे तरी. मराठी १ आणि इंग्रजी 9, मराठी ३ आणि उ, शून्य आणि टिंब, हे सगळे हाताने जवळजवळ सारखेच होतात. फोन नंबर, औषधाची मात्रा, पैसे, यासाठी खालचं ?123 बटण दाबायचं, आकडे मोठ्या बटणांवर येतात, आणि लिहून झाल्यावर परत पाटीवर यायचं. मावशीच्या मेसेजमध्ये आईला "साडेनऊ" अक्षरात लिहायला सांगितलं ते याचसाठी.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आई मोबाईलमधले नंबर शोधताना "सुमन" असं हाताने लिहायची आणि काही सापडायचं नाही, कारण मी सगळी नावं इंग्रजीत सेव्ह केलेली. ती समजली नंबरच गेले. एका रविवारी बसून तिची साठेक नावं देवनागरीत करून दिली, आणि तेही तिच्या तोंडी आहेत तशी, "सुमन मावशी", "गॅसवाला", "दवाखाना कॉर्नरचा". आता दोन अक्षरं लिहिली की नाव वर येतं. हँडरायटिंग लावून द्याल तेव्हा हे काम त्याच दिवशी करा.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. जीमेलच्या सेटिंगमध्ये भाषेच्या खाली input tools चालू करून मराठीची पेन्सिलची खूण असलेला पर्याय निवडता येतो, आणि गूगल ट्रान्सलेटच्या पानावरही पेन्सिल आहे. पण माऊसने देवनागरी लिहिणं म्हणजे हाताला त्रास, टचस्क्रीन असेल तरच त्याच्या नादी लागा.

पहिल्या आठवड्यात रोज एकच काम द्या, दहा मिनिटं, स्वतःच्या चॅटमध्ये. आम्ही पहिल्या दिवशी फक्त घरातल्यांची नावं लिहिली, दुसऱ्या दिवशी ख आणि भ चे शब्द, तिसऱ्या दिवशी भाजीची यादी. चुकलेला शब्द आईने तसाच ठेवायचा आणि मी संध्याकाळी फोनवर बघायचो की कुठलं अक्षर सारखं चुकतंय. तिच्या बाबतीत ख, भ आणि टिंब, एवढीच तीन निघाली. मावशीच्या बाबतीत ण, तिचा ण दोन भागांत सुटा पडायचा आणि "रा" व्हायचा. "पाणी" चं "पारी" का येतंय ते तिला कळेना, मी व्हिडिओ कॉलवर तिला बोट कसं फिरवते ते दाखवायला सांगितलं तेव्हा दिसलं, पहिल्या वळणानंतर ती बोट उचलत होती. न उचलता काढ म्हटलं. तिने काढला, वर "पाणी" आलं, आणि मग तिने तिथल्या तिथे अख्खी ओळ लिहून पाठवली, "पाणी आलं गं, टाकी भरून घेते, नंतर बोलू."